नऊची शाळा आणि दहापैकी पाच : युक्तिवादाला गुण कसे द्यावेत?

प्रश्न

आदरणीय सर, मी नववी-दहावीला मराठी शिकवते. वैचारिक लेखनाच्या एकाच उत्तराला मी दहापैकी आठ गुण दिले आणि दुसऱ्या तुकडीच्या सरांनी चार दिले. पालक विचारायला आले तेव्हा आम्हां दोघांनाही नीट कारण सांगता आले नाही. प्रशिक्षणात ‘कारण स्वीकारण्याजोगे आहे का, संबद्ध आहे का, पुरेसे आहे का’ अशा तीन कसोट्या ऐकल्या होत्या, पण त्यांवरून गुण कसे काढायचे हे कोणी सांगितले नाही. प्रत्येक कसोटीला तीन-साडेतीन गुण वाटून टाकावेत का? एखादी नमुना गुणदान योजना दिलीत तर आम्ही दोघे ती वापरून पाहू.
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

समान वाटप करू नका. ते दिसायला न्याय्य असले तरी या तीन कसोट्या एका पातळीवरच्या नाहीत, आणि त्यांची नुसती बेरीज केली की साफ खोट्या वाक्यालाही ‘संबद्ध आहे’ म्हणून गुण मिळू लागतात. पहिल्या दोन कसोट्या प्रत्येक कारणाला वेगवेगळ्या लावायच्या असतात, तर तिसरी एकट्या कारणाला लावायची नसून पहिल्या दोन कसोट्यांतून जी कारणे शिल्लक राहिली त्या सर्वांना मिळून, आणि तीही दाव्याच्या मापाने, लावायची असते. गुणदान योजना या रचनेतूनच निघाली पाहिजे.

कॅनडातील विंडसर विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवणारे राल्फ जॉन्सन आणि अँथनी ब्लेअर यांनी १९७७ मध्ये या तीन कसोट्या एकत्र मांडल्या. वर्तमानपत्रातील पत्रे, अग्रलेख, जाहिराती, निवडणुकीतील भाषणे यांतील युक्तिवाद विद्यार्थ्यांना तपासता यावेत हा त्यांचा हेतू होता, कारण पाठ्यपुस्तकी तर्कशास्त्रातील ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ या साच्यात असे युक्तिवाद बसत नाहीत. आपल्या मुलांचे वैचारिक लेखन याच जातीचे असते. त्यात सिद्धता नसते. एक मत असते आणि त्याला दिलेला आधार असतो. तो आधार किती भार पेलतो, एवढेच आपण मोजायचे असते.

नमुन्यासाठी मी महाराष्ट्रातील शिक्षकांच्या परिचयाचाच विषय घेतो. २०२३ च्या डिसेंबरात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढून शाळांच्या वेळा बदलण्याविषयी सुचवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. या विषयावर नववीतील मूल साधारण कसे लिहील याचा एक परिच्छेद मी तयार केला आहे. कंसातील क्रमांक तपासण्याच्या सोयीसाठी माझे आहेत.

> चौथीपर्यंतच्या सर्व शाळा सकाळी नऊनंतरच भरल्या पाहिजेत असे मला ठामपणे वाटते. (१) सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज किमान नऊ तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात. (२) माझी धाकटी बहीण पहिलीत आहे. तिची शाळा सातला भरते म्हणून तिला साडेपाचला उठवावे लागते, आणि बाबा कामावरून दहाला येईपर्यंत आमच्या घरात कोणीच झोपत नाही. (३) अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सांगितले आहे. (४) पूर्वीच्या काळी मुले आनंदी असत, कारण त्यांच्यावर अभ्यासाचे ओझे नव्हते. (५) जगात सगळीकडे शाळा नऊनंतरच भरतात. म्हणून आपल्याकडेही सर्व शाळांची वेळ बदललीच पाहिजे.

हे उत्तर वाचताना दोन परीक्षकांचे दोन ग्रह होणे अगदी स्वाभाविक आहे. एकाला तज्ज्ञांचा दाखला, साल, घरचे उदाहरण आणि ठाम शेवट दिसतो आणि तो आठ देतो. दुसऱ्याची नजर पाचव्या वाक्यावर अडते आणि तो चार देतो. दोघांनीही उत्तराचे वेगवेगळे भाग पाहून संपूर्ण उत्तराला गुण दिलेले असतात.

तपासायला बसल्यावर पहिली कृती म्हणजे दावा शोधून त्याखाली रेघ ओढणे. येथे दावा पहिल्याच वाक्यात आहे आणि शेवटी तो पुन्हा आला आहे. त्यातील दोन शब्द मात्र वेगळे अधोरेखित करावे लागतात : ‘सर्व’ आणि ‘नऊनंतरच’. पुरेसेपणाची कसोटी लावताना या दोन शब्दांची किंमत मोजावी लागणार आहे. ज्या उत्तरात दावाच सापडत नाही, ‘याला दोन बाजू आहेत, विचार केला पाहिजे’ एवढ्यावरच लेखन थांबते, तेथे या कसोट्या पूर्णपणे लावता येत नाहीत, कारण आधार नेमका कशाला दिला आहे हेच ठाऊक नसते.

मग प्रत्येक कारणाला संबद्धता विचारावी. प्रशिक्षणात स्वीकार्यता आधी सांगतात, पण गठ्ठा तपासणाऱ्याने संबद्धता आधी घेतलेली सोयीची असते, कारण जे कारण मुळात दाव्याशी जोडलेलेच नाही ते खरे की खोटे हे शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण उरत नाही. संबद्धता विचारण्याची रीत अशी : वाक्य तात्पुरते पूर्ण खरे माना आणि स्वतःला विचारा की, त्यामुळे दाव्यावरचा विश्वास थोडा तरी वाढला का, किंवा कमी झाला का? चौथे वाक्य घ्या. पूर्वीची मुले खरोखर आनंदी होती आणि त्याचे कारण अभ्यासाचे ओझे नसणे हेच होते, असे क्षणभर मानले, तरी शाळा सातला भरावी की नऊला याबद्दल त्यातून काहीच निघत नाही. ओझे हा वेगळा विषय आहे. वाक्य बाद झाले आणि आता पूर्वीची मुले खरोखर आनंदी होती का, हा वाद घालायची गरज उरली नाही.

पहिले वाक्य तपासताना थोडे थांबावे लागते. मुलांना नऊ तास झोप हवी, हे खरे मानले तरी तेवढ्याने शाळेच्या वेळेबद्दल काही ठरत नाही. मुलांना ती झोप सध्या मिळत नाही आणि न मिळण्याचा सकाळच्या शाळेशी संबंध आहे, हे कळले तरच ते कामाचे ठरते. ती जोड दुसऱ्या वाक्यात आहे. म्हणजे पहिले आणि दुसरे मिळून एकच कारण होते. अशा जोडकारणांना एकत्र तपासावे, एकत्र गुण द्यावेत आणि त्यांतील एक पडले तर दोन्ही पडली असे मानावे. घाईत तपासणारे परीक्षक येथे हमखास फसतात. ते ओळी मोजून दोन कारणांचे गुण देतात किंवा पहिले वाक्य एकटे वाचून असंबद्ध ठरवतात.

मुलाने न लिहिलेला दुवा परीक्षकाने मनातल्या मनात किती भरून काढावा, हा प्रश्नही येथेच येतो, आणि माझ्या मते दोन परीक्षकांच्या गुणांतील तफावतीचे मोठे मूळ हेच आहे. एक परीक्षक उदार मनाने दुवे जोडत वाचतो, दुसरा कागदावर असेल तेवढेच वाचतो. यासाठी एक नियम आधीच ठरवून घ्यावा. जो दुवा कोणताही सामान्य वाचक न अडखळता जोडील आणि लिहिणारे मूलही ‘हो, मला तेच म्हणायचे होते’ असे म्हणेल, तेवढाच जोडावा. दहाला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलीला जास्तीत जास्त साडेसात तास झोप मिळते, म्हणजे किमान दीड तास कमी पडतो, ही वजाबाकी मुलाने लिहिलेली नाही, पण ती वाचकाने जोडावी. चौथ्या वाक्याला ‘उशिरा शाळा भरली की अभ्यासाचे तास कमी होतील आणि ओझे घटेल’ असा दुवा परीक्षकाने पुरवणे मात्र स्वतःच उत्तर लिहिण्यासारखे झाले.

आता स्वीकार्यता. येथे पहिला प्रश्न असा की, कोणाला स्वीकार्य? परीक्षकाला नव्हे आणि लेखकाशी आधीच सहमत असलेल्यालाही नव्हे. दाव्याशी असहमत, पण ऐकून घ्यायला तयार असलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवावा आणि तो हे विधान पुरावा न मागता मान्य करील का, हे पाहावे. सर्वसाधारण ज्ञानातील गोष्ट तो मान्य करील. लेखकाने स्वतः पाहिलेली गोष्ट, तिच्या मर्यादेत, मान्य करील. आणि विषयाशी संबंधित, नाव सांगितलेल्या अधिकारी व्यक्तीचे किंवा संस्थेचे मत मान्य करील. दाव्याचेच शब्द फिरवून लिहिलेले कारण मात्र तो कधीच मान्य करणार नाही. ‘शाळा उशिरा भरली पाहिजे, कारण लवकर भरणे योग्य नाही’ यात कारणच नाही.

या मापाने पहिले-दुसरे कारण स्वच्छ उतरते. ‘डॉक्टर सांगतात’ हे मोघम आहे, पण सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ ते बारा तास झोपेची शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ मध्ये केलेली आहे आणि नववीतील मुलाने संस्थेचे नाव दिले नाही म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला कमी लेखू नये. बहिणीची हकिकत त्याने स्वतः पाहिलेली आहे आणि तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

तिसऱ्या वाक्यावर मला अधिक थांबावेसे वाटते, कारण परीक्षकाला भुरळ घालणारे वाक्य हेच आहे. संस्थेचा उल्लेख आहे, साल आहे, आणि माहिती बनावटही नाही : अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठ किंवा त्यानंतर शाळा भरवण्याची शिफारस खरोखर केली होती. पण ती शिफारस माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वयाच्या मुलांसाठी होती. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते, रात्री झोप उशिरा लागू लागते आणि म्हणून सकाळची शाळा त्या वयाला जाचते, हा तिचा पाया होता. पहिली-दुसरीच्या मुलांना तो पाया लागू पडत नाही. ती मुले साधारणपणे लवकर झोपून लवकर उठू शकतात. शिवाय शिफारस साडेआठची आहे आणि दावा नऊचा. म्हणजे शिफारस कोणासाठी होती हे गाळल्यामुळे विधान अर्धवट झाले आणि त्याची संबद्धताही दुबळी पडली. पूर्ण बाद मात्र ते होत नाही, कारण शाळेची वेळ आणि मुलांची झोप यांचा संबंध तज्ज्ञ मानतात एवढे तरी त्यातून निघते.

प्रत्येक परीक्षकाला ही माहिती असेलच असे नाही, आणि पन्नास उत्तरपत्रिका समोर असताना प्रत्येक दाखला पडताळून पाहणेही शक्य नाही. म्हणून योजनेतच लिहून ठेवावे की, पडताळता न आलेले पण अशक्य न वाटणारे विधान ‘दुबळे’ धरावे, ‘बाद’ नव्हे. परीक्षकाच्या अज्ञानाची शिक्षा मुलाला नको आणि नुसत्या ठसठशीत सालाचे बक्षीसही नको.

पाचव्या वाक्याला पडताळणीची गरजच नाही. जगात सगळीकडे शाळा नऊनंतर भरतात हे विधान मुलाने स्वतःच दुसऱ्या वाक्यात खोडले आहे, कारण त्याच्या बहिणीची शाळा सातला भरते आणि ती याच जगात आहे. (जर्मनीत बहुतेक शाळा आठच्या आसपास सुरू होतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी एक दाखला मिळेल, पण त्याची आवश्यकता नाही.) ‘आपल्या राज्याबाहेर’ असे त्याला म्हणायचे असेल, असे कोणी म्हणेल, तरीही ते तितक्या सरसकटपणे टिकत नाही. लक्षात घ्या, हे वाक्य संबद्ध आहे. ते खरे असते तर दाव्याला काहीसा आधार मिळाला असता. समान वाटपाच्या योजनेत त्याला संबद्धतेचा गुण द्यावा लागला असता. म्हणूनच कोणतीही एक कसोटी साफ हुकली की त्या कारणाला शून्य, हा नियम मी धरतो. खोटे पण संबद्ध कारण आणि खरे पण असंबद्ध कारण ही दोन्ही दाव्याला सारखाच, म्हणजे शून्य, आधार देतात.

चाळणीतून दोन कारणे राहिली : एक भक्कम, एक दुबळे. आता तिसरी कसोटी लावायची. या शिल्लक आधारावर दावा उभा राहतो का? दावा राज्यातील सर्व शाळांविषयी आहे आणि भक्कम कारण एका घरातील एका मुलीविषयी. ज्या घरांत मुले साडेआठला झोपतात तेथे काय, हे उत्तर सांगत नाही. दुसरे म्हणजे, दुसऱ्या वाक्यात मुलाने प्रामाणिकपणे एक गोष्ट लिहिली आहे, जी त्याच्याच दाव्याला अडचणीची आहे : बहीण उशिरा झोपते, कारण घर उशिरा झोपते. मग शाळा बदलण्याऐवजी झोपण्याची वेळ बदला, असे म्हणायला असहमत वाचक मोकळा आहे. तिसरे म्हणजे, एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांचे काय करायचे, हा या विषयातील सर्वांत अवघड आक्षेप आहे आणि उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. सकाळचे सत्र नऊला सुरू झाले तर दुपारचे सत्र संध्याकाळी उशिरा सुटणार.

हा आक्षेप शोधण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक प्रश्न फार उपयोगी पडतो. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाने हेतूची, म्हणजे कारणाची, तीन लक्षणे सांगितली : ज्याविषयी दावा आहे त्या पक्षात तो असावा, दावा लागू पडणाऱ्या इतर उदाहरणांत, म्हणजे सपक्षात, असावा आणि दावा लागू न पडणाऱ्या उदाहरणांत, म्हणजे विपक्षात, नसावा. ती लक्षणे वेगळी आहेत आणि त्यांची या तीन कसोट्यांशी गल्लत करू नये. शिक्षकांच्या कार्यशाळांतून ती गल्लत कधीकधी होते. पण तिसरे लक्षण, म्हणजे विपक्षात नसणे, हा पुरेसेपणाचा चांगला प्रश्न आहे : हेच कारण लागू असूनही दावा लागू पडत नाही, अशी एखादी जागा आहे का? येथे तशी जागा आहे. दोन सत्रांच्या शाळेतील मुलाचीही झोप अपुरी असते, तरीही त्या शाळेला नऊची वेळ झेपत नाही. अशी एक जागा सापडली की ‘सर्व’ हा शब्द टिकत नाही.

तेव्हा दहा गुणांची योजना मी अशी करीन. शुद्धलेखन, भाषा आणि परिच्छेदरचना यांचे गुण यात नाहीत. ते पूर्णपणे वेगळ्या रकान्यात असावेत, नाहीतर सुंदर अक्षरातला पोकळ युक्तिवाद वर जातो.

नमुना गुणदान योजना (एकूण १०)

अट : दावा एका वाक्यात सांगता येईल इतका स्पष्ट हवा. दावा सापडत नसेल तर भाग ‘ब’चे गुण देऊ नयेत, भाग ‘अ’मध्ये, उत्तराचा कल ज्या बाजूला दिसतो त्या बाजूच्या कारणांना गुण द्यावेत.

भाग अ : कारणे (६). उत्तरातील सर्वांत चांगली दोनच कारणे मोजावीत, प्रत्येकी ३ गुण. जोडकारण हे एकच कारण.

| कारणाची स्थिती | गुण |
|---|---|
| संबद्ध आणि स्वीकार्य, दोन्ही स्पष्ट | ३ |
| एक स्पष्ट, दुसरी दुबळी | २ |
| दोन्ही दुबळ्या | १ |
| कोणतीही एक साफ हुकली | ० |

भाग ब : पुरेसेपणा (४). फक्त भाग ‘अ’मध्ये टिकलेल्या कारणांवरून.

| काय पाहावे | २ | १ | ० |
|---|---|---|---|
| दाव्याचे माप | कारणे जेवढे पेलतात तेवढाच दावा | कारणांतून निघते त्याहून दावा मोठा | टिकलेले कारणच नाही |
| आक्षेप | खरा आक्षेप मांडून उत्तर दिले | आक्षेप मांडला पण उत्तर नाही, किंवा किरकोळ आक्षेपालाच उत्तर | आक्षेपाचा उल्लेख नाही |

आपल्या नमुना उत्तराचा हिशेब आता सरळ आहे. पहिले-दुसरे जोडकारण ३, तिसरे कारण १, चौथे आणि पाचवे शून्य. भाग ‘अ’चे झाले ४. दाव्याचे माप १, आक्षेप ०. भाग ‘ब’चा झाला १. एकूण दहापैकी पाच.

दोनच कारणे का मोजायची, असे तुमचे सहकारी विचारतील. कारणांच्या संख्येला गुण ठेवले की मुले लगेच संख्या वाढवतात, आणि चौथ्या-पाचव्या वाक्यासारखी भर तेथूनच येते. एखादे कारण बाद ठरले म्हणून गुण वजाही करू नयेत. त्याला काही मिळाले नाही एवढे पुरे आहे. वर आणखी कापले तर एकाच दोषासाठी मुलाला दोनदा दंड होतो आणि मुले नवीन कारण लिहून पाहायलाच कचरू लागतात. उलट बाजूने, एकच कारण लिहिणाऱ्या मुलाला या योजनेत जास्तीत जास्त सात मिळतात. दीडशे शब्दांच्या उत्तरात मला ते योग्य वाटते. पन्नास शब्दांचे उत्तर असेल तर एकच कारण मोजून सातपैकी गुण द्यावेत.

या योजनेचा खरा उपयोग मुलाला वही परत देताना होतो. ‘मुद्देसूद लिहा’ या शेऱ्यातून कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी समासात एवढेच लिहावे : ‘तुझे बहिणीचे उदाहरण चांगले आहे. त्यातून “सर्व शाळा” निघत नाही. कोणत्या शाळा निघतात?’ यावर मुलाने दावा बदलून असे लिहिले असे समजा : ‘ज्या शाळा एकाच सत्रात भरतात, त्यांनी तरी चौथीपर्यंतचे वर्ग नऊला भरवावेत. मुलांना लवकर झोपवा असे कोणी म्हणेल, पण ज्या घरात कमावते माणूस दहाला परतते आणि सगळ्यांना मिळून एकच खोली असते, तेथे दिवा लवकर मालवता येत नाही.’ कारणे तीच राहिली, भाग ‘अ’चे गुण चारच राहिले, पण दाव्याचे माप बसले, खरा आक्षेप घेऊन त्याला उत्तर दिले गेले, आणि भाग ‘ब’चे एकाचे चार झाले. पाचाचे आठ झाले ते नवीन आकडे न शोधता. विद्यार्थ्यांना हा फरक एकदा फळ्यावर करून दाखवावा; दावा आखडता घेणे म्हणजे माघार घेणे, अशी त्यांची जी समजूत असते ती याने सैल होते.

तुम्ही दोघे ही योजना वापरणार आहात, तर आधी पाच-सहा उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासा आणि नंतर एकूण गुणांची तुलना न करता रकान्यांची तुलना करा. फरक कोणत्या रकान्यात पडतो यावरून त्याचे कारण कळते. स्वीकार्यतेत फरक पडत असेल तर तुमच्यापैकी एकाला विषयाची अधिक माहिती आहे. ती माहिती दोघांनी वाटून घ्यावी आणि पुढच्या वेळी तपासणीआधी विषयावर अर्धे पान टिपण करावे. संबद्धतेत फरक असेल तर न लिहिलेले दुवे जोडण्याचा नियम दोघांनी सारखा लावलेला नाही. दाव्याच्या मापात फरक असेल तर एकाने दाव्यातील ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘च’ असे शब्द अधोरेखित केलेले नाहीत. एकूण गुण जुळले म्हणून निर्धास्त राहू नका. एकाचे ३ + १ आणि दुसऱ्याचे २ + २ जुळलेले दिसतात, पण पालकांनी विचारले तर पुन्हा दोन वेगळी उत्तरे येतील.

आणखी एक तपासणी करून पाहा, कारण परीक्षकाचे स्वतःचे मत गुणांत शिरणे हा दोष वरच्या तुलनेत पकडला जात नाही. दोघांचे मत एकच असेल तर दोघे एकाच दिशेने चुकतात. शाळा सकाळी लवकरच भरावी असा उलट दावा करणारे, पण तितक्याच ताकदीचे एक उत्तर तुम्हीच तयार करा : एक भक्कम जोडकारण, एक दुबळा दाखला, एक असंबद्ध आणि एक खोटे वाक्य, आक्षेपाचा उल्लेख नाही. ते मूळ उत्तराशेजारी ठेवून तपासा. दोन्हींना पाचच गुण मिळायला हवेत. एकाला पाच आणि दुसऱ्याला तीन मिळाले, तर तुम्ही युक्तिवादाला गुण दिलेले नाहीत, मताला दिले आहेत. ज्या शिक्षकांना रोज पहाटे उठून सातची शाळा गाठावी लागते, त्यांनी या विषयावर ही तपासणी अवश्य करावी.

ही योजना कथालेखनाला, आत्मकथनाला किंवा कल्पनाप्रधान निबंधाला लावू नका. ‘नदीचे मनोगत’ लिहिणाऱ्या मुलाकडून नदीने पुरेसा पुरावा द्यावा अशी अपेक्षा नसते. बातमीलेखन, जाहिरात आणि पत्रलेखन यांतही ती फक्त तक्रारपत्र किंवा मागणीपत्र असेल तरच उपयोगी पडते, कारण तेथे काहीतरी मागितलेले असते आणि ते का द्यावे याची कारणे असतात. वादविवाद स्पर्धेला मात्र ती जवळजवळ जशीच्या तशी चालते. भाग ‘ब’मधील आक्षेपाच्या ओळीत प्रतिस्पर्ध्याने प्रत्यक्ष मांडलेला मुद्दा धरावा, आणि वक्त्याने त्या मुद्द्याला उत्तर न देता आधीच पाठ केलेल्या दुसऱ्याच मुद्द्याला उत्तर दिले तर तेथे शून्य द्यावे.